एका अंड्याऐवजी : एका तक्त्याची उलटतपासणी

आमच्या वसाहतीतील महिला मंडळाने श्रावणाच्या तोंडावर एक लहानशी पाककृतीपुस्तिका छापली असून तिच्या शेवटच्या पानावर, चौकटीत आणि ठळक अक्षरांत, एक तक्ता दिला आहे. एका अंड्याऐवजी पाव कप दही, अथवा पाव कप कुस्करलेले केळे, अथवा एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. येथवर प्रस्तुत लेखकाची काहीच तक्रार नाही. ही मापे पुष्कळ घरांतून चालत आलेली आहेत आणि मापे म्हणून ती वाईटही नाहीत. परंतु चौकटीच्या खाली लेखिकाबाईंनी स्वतःच्या अधिकारात एक वाक्य जोडले आहे : ‘यांपैकी घरात जे असेल ते घालावे, केकमध्ये काही फरक पडत नाही.’ माझी हरकत आहे ती या एका वाक्यावर, आणि ती सविस्तर नोंदवावी असे वाटण्याचे कारण असे की, या वाक्यावर विश्वास ठेवून माझ्या नातीच्या वाढदिवसाचा केक मी स्वहस्ते बिघडवला.

मी मामलेदार कचेरीतला माणूस. नोकरीची सारी वर्षे दप्तर सांभाळण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर मुलाने आणलेली विजेची भट्टी घरात कोणी वापरीना म्हणून मी तिच्या नादी लागलो. त्यामुळे माझ्या विचारांना कचेरीचा वास येत असेल तर वाचकांनी तो सोसून घ्यावा. कचेरीत एक गोष्ट मात्र मी पक्की शिकलो : एखादा मनुष्य रजेवर गेला म्हणजे त्याच्या जागी कोणाला बसवावे हा प्रश्न विचारण्यापूर्वी तो मनुष्य नेमके काय काम करीत होता हे विचारावे लागते, कारण हुद्दा एक असला तरी कामे चार असतात, आणि बदली आलेल्याला त्यांतले एखादेच येत असते. तक्त्याच्या लेखिकाबाईंनी हा पहिला प्रश्न विचारलेलाच नाही. त्यांनी अंड्याचे फक्त वजन पाहिले आणि तितक्याच वजनाचे ओले पदार्थ त्याच्यासमोर मांडले.

आता अंडे केकमध्ये करते काय? कवचाबाहेर काढलेले एक मध्यम अंडे सुमारे 50 ग्रॅम भरते, आणि त्यातला तीन-चतुर्थांश भाग तर निव्वळ पाणी असतो. म्हणजे मिश्रण ओले करण्याचे काम ते करतेच, आणि ते काम दही, केळे किंवा भिजवलेले जवस यांपैकी कोणीही करील. त्याच्या बलकात स्निग्धांश असतो आणि लेसिथिन नावाचे एक द्रव्य असते, ज्याच्या योगाने लोणी आणि पाणी ही एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी मंडळी एकत्र नांदतात. त्याचे पांढरे फेटले असता हवा धरून ठेवते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ते उष्णतेने गोठते. पांढरे सुमारे 60 अंशांपासून घट्ट होऊ लागते, पिवळे त्याच्या थोडे मागाहून. केकमधल्या साखरेमुळे हे दोन्ही आकडे वर सरकतात, पण गोठणे चुकत नाही. भट्टीत केक फुगत असतो त्या वेळी त्याच्या आत असंख्य बुडबुडे ताणले जात असतात. ते फुटून एकमेकांत मिसळण्यापूर्वीच त्यांच्याभोवतीची भिंत घट्ट व्हावी लागते, आणि हे बांधकाम वेळेवर पुरे करणारा गवंडी म्हणजे अंडे. मैद्यातील स्टार्चही पाणी पिऊन फुलते आणि घट्ट होते खरे. परंतु साखरेचे प्रमाण जास्त असले म्हणजे ते काम लांबणीवर पडते, आणि तोवर वायू निघून गेलेला असतो.

हे पटत नसेल त्याने एक साधा प्रयोग करून पाहावा. त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. मी तो आमच्या इडलीपात्रात केला. चार लहान वाट्या घेतल्या. एकीत फेटलेले अंडे, दुसरीत घुसळलेले दही, तिसरीत कुस्करलेले पिकलेले केळे, चौथीत भिजवून बुळबुळीत झालेली जवसपूड. वाफेचे पाणी आत पडू नये म्हणून प्रत्येकीवर झाकण ठेवले आणि दहा मिनिटे वाफ दिली. अंड्याची वाटी उपडी केली तरी आतला गोळा जागचा हलेना. दह्याची कणी झाली होती आणि कडेने हिरवट निवळ सुटली होती. केळे अधिक मऊ आणि काळसर झाले होते, इतकेच. जवसाचा लगदा मात्र जसाच्या तसा, किंबहुना वाफेने थोडा सैलच पडलेला, आणि वाटी तिरपी करताच ओघळू लागलेला. सूनबाई शेजारी उभी राहून पाहत होती, ती म्हणाली, “मामंजी, म्हणजे तिघांपैकी एकही अंड्यासारखं बसत नाही की!” या खटल्यातली एवढी स्वच्छ जबानी मी तरी दुसरी ऐकली नाही.

आता या तिघांची कैफियत एकेकाची ऐकू, आणि प्रथम दह्याची, कारण आपल्या घरांतून तेच सर्वांत अधिक वापरले जाते आणि माझा केक बिघडला तोही त्याच्याच हातून. खरे बोलायचे तर त्याच्या नव्हे, माझ्या.

दह्यातील मुख्य प्रथिन जे केसीन, ते दूध विरजतानाच आम्लामुळे गोठलेले असते. एकदा गोठून बसलेल्याला भट्टीत पुन्हा गोठायला सांगणे व्यर्थ. निवळीत जी थोडी प्रथिने राहतात ती उष्णतेने घट्ट होतात, पण केकचा डोलारा पेलण्याइतकी त्यांची संख्या नसते. मग दही देते काय? ते देते ओलावा, देते एक सौम्य आंबट चव, आणि देते आम्ल, जे खाण्याच्या सोड्याशी भेटताच कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. ढोकळ्याची जाळी पाहिलेल्या कोणाही मराठी गृहिणीला हे सांगायला नको. तापवलेले दही फुटते हेही तिला ठाऊक असते, आणि कढी फुटू नये म्हणून तिला ती बेसन लावते; केकमध्ये बेसनाचे हेच काम मैदा करतो, म्हणून इडलीपात्रातल्या वाटीत दिसलेली कणी केकमध्ये दिसत नाही.

माझा साधा लोण्याचा केक असा असतो : 200 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम लोणी, दोन अंडी, 80 मिलिलिटर दूध आणि दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, सात इंची गोल डबा, 180 अंशांवर सुमारे 35 ते 40 मिनिटे. दोन अंड्यांच्या जागी तक्त्याप्रमाणे अर्धा कप, म्हणजे सुमारे 120 ग्रॅम दही आले. तक्त्यात सोड्याविषयी अवाक्षर नव्हते. मी आपला शहाणपणा करून, अंडे नाही तर फुगणार कसा, या काळजीने एक चमचाभर सोडा घातला आणि बेकिंग पावडरही तितकीच ठेवली. केक पहिल्या वीस मिनिटांत डब्याच्या काठावर आला. घरची सारी मंडळी काचेतून पाहत होती. पंचविसाव्या मिनिटाला त्याच्या मध्यभागी एक सुरकुती पडली, आणि मग एखाद्या जुन्या धाब्याचे छप्पर खाली यावे तसा तो सावकाश बसत गेला. बाहेर काढला तेव्हा कडा उंच आणि मधोमध खड्डा. नातीने त्याला ‘तळं’ असे नाव दिले. कापल्यावर आत मोठमोठी भोके, रंग पिवळट तपकिरी, आणि जिभेवर साबणासारखी एक चव मागे राहत होती.

यातली प्रत्येक खूण वाचता येते. पिवळट रंग म्हणजे न संपलेला सोडा, कारण क्षारात मैद्याचा रंग तसा होतो. साबणाची चव म्हणजे तोच. मोठी भोके म्हणजे बुडबुडे एकमेकांत मिसळले, त्यांच्यामध्ये भिंत राहिली नाही. आणि खड्डा म्हणजे वायू भरपूर होता पण गवंडी नव्हता. कडा डब्याच्या उष्णतेने लवकर शिजून उभ्या राहिल्या, मध्य मात्र कच्चा असतानाच फुगून खाली आला. 120 ग्रॅम आंबट दह्यातील आम्ल पाव चमचा सोडा संपवू शकते, त्याहून अधिक नव्हे. उरलेला तीन-पाव चमचा तेथे नुसता बसून राहिला होता.

दुसऱ्या खेपेस सोडा पाव चमचा घेतला, बेकिंग पावडर दीड चमच्यावर आणली, साखर 130 ग्रॅम केली म्हणजे स्टार्चला लवकर फुलता यावे, आणि बलकातला स्निग्धांश गेला म्हणून एक मोठा चमचा तेल वाढवले. दही फ्रीजमधून काढून लगेच न घालता बाहेर ठेवून कोमट होऊ दिले, कारण गार दही फेटलेल्या लोण्यात पडताच मिश्रण फाटल्यासारखे दिसते. बलक ते सांभाळून घेतो, दही घेत नाही. सोडा मैद्याबरोबर चाळून घातला आणि मिश्रण एकजीव होताच भट्टीत गेले, कारण दही आणि सोडा यांची भेट झाली की वायू त्याच क्षणी सुटू लागतो आणि तो डब्यात कामी यायला हवा, ओट्यावर नव्हे. मिश्रण फार घोटलेही नाही. अंडे नसले म्हणजे मैद्यातल्या ग्लुटेनवरच मुख्य भार येतो, आणि ते अधिक घोटले की केक चिवट होऊन त्यात उभी बोगदी पडतात.

हा केक बसला नाही. पण तो अंड्याचा केकही झाला नाही, आणि माझ्या प्रतिवादाचा सारा रोख येथे आहे. अंड्याचा केक त्या डब्यात चार बोटे उंच होतो. हा तीन बोटे झाला. अंड्याच्या केकवर बोट दाबून उचलले तर तो तत्काळ वर येतो. हा सावकाश वर येतो आणि किंचित खूण ठेवतो. त्याची जाळी बारीक नसून थोडी अनियमित, पोत मऊ, ओलसर आणि ठिसूळ. सुरीने पातळ काप काढू गेल्यास कड तुटते. म्हणून जाड काप काढावे, आणि दोन थर करून मध्ये मलई भरण्याचा मोह आवरावा. यात कमीपणा काही नाही. तो मऊपणा पुष्कळांना अंड्याच्या केकपेक्षा अधिक आवडतो. आमच्या घरी आवडलाच. परंतु ‘फरक पडत नाही’ हे म्हणणे निराळे आणि ‘फरक पडतो, आणि तो आवडतो’ हे म्हणणे निराळे. पहिल्याने स्वयंपाक करणारा फसतो, दुसऱ्याने तो जाड काप काढायला शिकतो.

केळ्याचे प्रकरण अगदी वेगळे आहे. पिकलेल्या केळ्यात आम्ल जेमतेम, प्रथिन नगण्य, स्निग्धांश जवळजवळ नाही; आहे ते पाणी, साखर, तंतू आणि पेक्टिन. कच्च्या केळ्यातील स्टार्चची पिकताना साखर होते, त्यामुळे केळे जितके पिकलेले तितके ते गोड आणि सैल. केकमध्ये ते पाणी बांधून ठेवते आणि सोडत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात केळे घातल्याने शिरा कसा होतो हे आठवावे : मोकळा रवा मोकळा राहत नाही, तुपाबरोबर एक मऊ, किंचित चिकट घट्टपणा येतो आणि मूद पडली की मोडत नाही. हाच गुण केळे केकमध्ये आणते, आणि प्रसादाच्या शिऱ्यात जो गुण, तो हलक्या केकमध्ये दोष.

त्याच प्रमाणावर मी 120 ग्रॅम केळे घातले. जळगावचे मोठे केळे असेल तर एक पुरून उरते, वेलची असतील तर तीन-चार लागतात, आणि म्हणून ‘एका अंड्याऐवजी अर्धे केळे’ हे जे दुसरे एक सूत्र सर्रास ऐकू येते त्याला वजनकाट्यापुढे काही अर्थ उरत नाही. साखर 20 ग्रॅम कमी केली. दही-सोड्याचा मिलाफ येथे नसल्याने बेकिंग पावडर दोन चमचेच ठेवली. 180 अंशांवर पहिला केक वरून लवकर तांबूस झाला आणि आत कच्चा राहिला, कारण फळातली साखर लवकर करपते आणि ओले अंतरंग सावकाश शिजते. तेव्हा दुसऱ्या वेळी 170 अंशांवर पन्नास मिनिटे दिली. तीन बोटांना तो पुरता पोचला नाही. जाळी बारीक आणि गच्च, रंग तपकिरी, मधूनमधून काळे तंतू. बोट दाबले की खळगी तशीच राहते. काडी खुपसून पाहण्याची नेहमीची परीक्षा येथे फसवते : केक पूर्ण भाजलेला असतानाही काडीला चिकटसर लेप येतो. त्यापेक्षा कडा डब्यापासून सुटल्या आहेत काय, आणि मध्यावर हलके थोपटले असता तो डचमळतो की स्थिर राहतो, हे पाहावे. ज्यांनी काडीवर विश्वास ठेवून आणखी दहा-पंधरा मिनिटे दिली त्यांच्या केकची बाहेरची साल चामड्यासारखी झालेली मी पाहिली आहे.

आणि चवीचे काय? दही केकमध्ये आपले नाव सांगत नाही, केळे मात्र ढोल वाजवीत येते. व्हॅनिला, संत्र्याची साल, वेलदोडा यांपैकी कोणालाही ते बोलू देत नाही. लेखिकाबाईंच्या तक्त्याप्रमाणे कोणी आपला जुना व्हॅनिला केक केळ्यावर करील, तर त्याला केळ्याचा केक मिळेल. तो उत्तम असेल, पण त्याने मागितलेला नसेल. अक्रोड, दालचिनी, गूळ किंवा कोको यांच्या सोबतीत केळे शोभते. तेथे ते बदली कामगार राहत नाही, घरचे होते. पावसाळी हवेत असा केक दोन दिवसांवर उघडा ठेवू नये, त्याच्या ओलाव्यावर बुरशी फार लवकर चढते.

तिसरे जवस. विदर्भातील माणसाला जवसाची चटणी सांगावी लागत नाही. पुण्या-मुंबईकडे मात्र अलीकडे ते औषधासारखे पुडीतून येऊ लागले आहे. त्याच्या बाह्य आवरणात एक बुळबुळीत द्रव्य असते, जे पाणी मिळताच फुगते. बाळंतिणीच्या लाडवांसाठी हळीव भिजत घातले म्हणजे त्यांच्याभोवती जसे गुळगुळीत कवच धरते, त्याच जातीचा हा प्रकार. अख्खे जवस भिजवून भागत नाही. पूड बारीक हवी, आणि ती ताजी हवी, कारण जवसाचे तेल हवेत लवकर खवट होते. कडवटपणा आला असेल तर केकमध्ये तो दडत नाही. दोन अंड्यांसाठी दोन मोठे चमचे पूड, म्हणजे सुमारे 14 ग्रॅम, आणि 90 मिलिलिटर पाणी; पंधरा मिनिटे ठेवले म्हणजे चमच्यावरून सलग धार पडते, कच्च्या अंड्याची आठवण व्हावी अशी. नेमक्या या दिसण्यावरच लोक फसतात. अंड्यासारखे दिसते म्हणून अंड्यासारखे वागेल असे धरून चालणे म्हणजे साहेबाची टोपी घातली म्हणून चपराशाकडे सहीसाठी कागद नेण्यासारखे आहे.

जवसाचा गुण बांधण्याचा आहे. लोणी आणि पाणी एकत्र धरण्यात तो बलकाची थोडीफार बरोबरी करतो. मिश्रण फाटत नाही, हे मी पाहिले. पीठही तो चांगले धरून ठेवतो, त्यामुळे या केकचे काप तिघांत सर्वांत सुबक निघतात, कड तुटत नाही. पण तो हवा धरीत नाही आणि गोठत नाही. मिश्रण इतके चिकट होते की बुडबुड्यांना फुगणेच जड जाते; केक तीन बोटे झाला, वर खडबडीत साल, आत घट्ट आणि किंचित चिवट पोत, सुरीला एक ओलसर थर, आणि सर्वत्र तपकिरी ठिपके. पांढऱ्या केकची अपेक्षा असेल तर हे ठिपके लपवता येत नाहीत. उलट खारका, मनुका, कणीक, गूळ घालून जड केक करायचा असेल, किंवा बिस्किटे आणि मफिन करायची असतील, तर जवसाचा ठिसूळपणा टाळणारा हा गुण तेथे सोन्यासारखा. मैद्यापैकी निम्मी कणीक घेऊन आणि साखरेऐवजी गूळ घेऊन केलेला माझा दुसरा जवसाचा केक पहिल्यापेक्षा कितीतरी सरस झाला. कारण त्यात अंड्याची जी जागा होती ती मुळात बांधण्याचीच होती.

येथे प्रतिपक्षाचे एक उत्तर मला आधीच ऐकू येते, कारण ते मंडळाच्या हळदीकुंकवात माझ्या पत्नीला दिले गेले आहे : “अहो, आमच्याकडे तर गेली दहा वर्षं आम्ही काहीही घालतो, आणि केक छानच होतो.” यावर माझा अविश्वास नाही. परंतु विचारपूस केल्यावर कळले की त्या केकमध्ये मुळात एकच अंडे असते, मैदा आणि कोको भरपूर असतो, आणि तो सपाट ताटलीत दोन बोटे जाडीचा भाजला जातो. तेथे अंडे रजेवर गेले काय किंवा बडतर्फ झाले काय, कारभार मैदाच चालवीत असतो. अंडे एक असेल तर तिघांपैकी कोणीही निभावून नेतो. दोन असतील तर नीट पाहून निवडावे लागते आणि बाकीची मापेही सारखी करावी लागतात. तीन किंवा त्याहून अधिक असतील तर तक्ता बंद करून ठेवणे हेच शहाणपणाचे. ज्या हलक्या स्पंज केकमध्ये लोणी नसते, बेकिंग पावडरही नसते, आणि चार अंडी साखरेसह घोटून घोटून तिप्पट फुगवलेली असतात, त्यात अंडे हा घटक नसून तोच केक असतो. तेथे एक कप दही किंवा केळे, अथवा जवस चारपट करून घातले तर भट्टीतून जे बाहेर येईल त्याला गोवेकरही बेबिंक म्हणणार नाहीत. बेबिंक तरी एकावर एक थर भाजत जाते, आणि तिच्यातले घट्टपणाचे काम बलकच करतात.

तक्त्याच्या समर्थकांना मी आणखी एका गृहस्थाची आठवण देतो. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. 1837 साली त्याने तिच्यासाठी अंड्याविना कस्टर्ड केले आणि 1843 साली यीस्टऐवजी बेकिंग पावडर. या दोन शोधांकडे जरा लक्ष देऊन पाहावे. कस्टर्डमध्ये अंडे दूध दाट करते. बर्डने ते काम मक्याच्या स्टार्चकडे दिले. पावात यीस्ट वायू देते. ते काम त्याने बेकिंग पावडरकडे दिले. एका पदार्थातल्या एका कामाला त्याने एकेक लायक माणूस नेमला. ‘अंड्याऐवजी हे, कोठेही’ अशी सनद त्याने कोणालाही दिली नाही. बर्डची कस्टर्ड पूड केकमध्ये घालून पाहिलेल्यांना ठाऊक असेल की तेथे ती अंड्याचे काम करीत नाही, नुसता रंग आणि थोडी मऊ कणी देते.

दुसऱ्या बाजूलाही मी सोडणार नाही. अंड्याविना केक म्हणजे केकच नव्हे, तो गोड ढोकळा, असे नाक मुरडणारी मंडळी आमच्या वसाहतीत आहेत, आणि त्यांचा आधारही नेमका हा तक्ताच आहे; कारण तक्त्याने वचन दिले अंड्याच्या केकचे आणि ताटात आले दुसरेच काही, तेव्हा खाणाऱ्याने तक्रार केली तर त्याचा काय दोष? दह्याचा केक दह्याचा म्हणून पुढे ठेवला तर कोणी कुरकुर करीत नाही. ढोकळ्याला तो अंड्याविना आहे याबद्दल आजवर कोणी नावे ठेवल्याचे ऐकिवात नाही.

लेखिकाबाईंना मी एक चिठ्ठी पाठवली असून पुढच्या आवृत्तीत चौकटीखालचे वाक्य काढून त्याजागी तीन ओळी छापाव्यात अशी दरखास्त केली आहे : साधा किंवा वेलदोड्याचा मऊ केक हवा असेल तर दही, 120 ग्रॅमला पाव चमचा सोडा, जाड काप, केळ्याची चव हवीच असेल तर केळे, मंद भट्टी, अधिक वेळ, कणीक-गूळ-सुकामेव्याचा जड केक असेल तर ताज्या जवसाची पूड, आणि पांढरा रंग विसरावा. उत्तर अजून आलेले नाही. नातीचा वाढदिवस मात्र पुन्हा श्रावणातच येतो, तेव्हा या खेपेस तिला आधीच विचारून ठेवले. तिने दह्याचा सांगितला, मात्र ‘तळं’ नको अशी ताकीद देऊन. मी तो एका उंच डब्याऐवजी दोन उथळ डब्यांत भाजला, म्हणजे मध्याला शिजायला वेळ लागू नये. दोन्ही सपाट वर आले, दोन्हींची कड एकेका ठिकाणी तुटली, आणि ती तुटलेली कड मेणबत्ती विझण्यापूर्वीच संपली. आदल्या आठवड्यातला जवसाचा उरलेला केक सूनबाईने तव्यावर तूप सोडून भाजला आणि चहाबरोबर दिला. त्याचा एकही काप मोडला नाही.